वर्षअखेरची क्रेडिट नोट आली कुठून: ग्रुप कंपनीला केलेल्या एक्सपोर्टच्या किमतीची पार्श्वभूमी

परदेशातल्या आपल्याच ग्रुप कंपनीला माल विकणाऱ्यांच्या ट्रान्सफर प्रायसिंगच्या, म्हणजे ग्रुपमधल्या कंपन्यांनी एकमेकींना लावलेल्या भावाच्या, फायली तपासताना सगळ्यात जास्त वेळ खाते ती वर्षाच्या शेवटच्या दिवशी पडलेली एक एंट्री. वर्षभर इनव्हॉइस ठरलेल्या भावाने गेलेले असतात आणि मग अचानक एक क्रेडिट नोट, एक रकमी, कुठल्या मालाची ते लिहिलेलं नाही, वर्णनात फक्त 'प्राइस अ‍ॅडजस्टमेंट'. ही एंट्री का लागते हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

आर्म्स लेंग्थचं तत्त्व, म्हणजे परक्याला लावला असता तोच भाव ग्रुप कंपनीलाही लावायचा, जुनंच आहे, १९३० च्या दशकातल्या टॅक्स करारांच्या मसुद्यांपासूनचं, आणि ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या १९६३ च्या मॉडेल करारात ते नवव्या कलमात बसलं. पण तेव्हा आणि तिच्याच १९७९ च्या अहवालातही मुख्य प्रश्न एवढाच होता की हाच माल परक्याला कितीला विकला असता. याचं उत्तर मिळालं तर इनव्हॉइस करायच्या दिवशीच मिळतं, नंतर दुरुस्ती करायची फारशी गरज पडत नाही.

खरा बदल १९९४-९५ च्या सुमाराला झाला. अमेरिकेच्या नियमांत आणि पाठोपाठ ओईसीडीच्या गाइडलाइन्समध्ये किमतीऐवजी नफ्याचं मार्जिन तपासायची पद्धत आली, गाइडलाइन्समध्ये आधी शेवटचा उपाय म्हणून, आणि २०१० मध्ये हा खालचा दर्जाही काढून टाकला. व्यवहारात ही पद्धत सोपी पडते म्हणून जवळपास सगळे तिकडेच गेले. पण मार्जिन वर्षाचं असतं, ते वर्ष संपल्यावरच कळतं, आणि कंटेनर तर जानेवारीतच सुटलेला असतो. वर्षअखेरची क्रेडिट नोट इथे जन्माला आली. २०१० च्या त्याच मजकुरात दोन्ही रीती नोंदवल्या आहेत, एक म्हणजे भाव ठरवताना जे माहीत होतं त्यावर कागद तयार करायचा, आणि दुसरी म्हणजे वर्ष संपल्यावर निकाल तपासायचा. एक देश पहिली मानतो, समोरचा दुसरी, आणि माल मात्र दोघांमधूनच जातो.

आता यातला सगळ्यात गुंतलेला भाग, कस्टम्स. इन्कम टॅक्सवाला बघतो की इम्पोर्टरने माल महाग घेऊन आपला नफा कमी दाखवला का, कस्टम्सवाला बघतो की माल स्वस्त दाखवून ड्युटी वाचवली का. क्रेडिट नोट दोघांच्याही टेबलावर जाते आणि तिचा अर्थ उलटा लागतो.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या कस्टम्सने अशी नंतरची दुरुस्ती मान्य करायला पाच अटी घातल्या. माल यायच्या आधीच लेखी पॉलिसी हवी, भाव आणि दुरुस्ती कशी ठरणार हे त्यात लिहिलेलं हवं, टॅक्स रिटर्नमध्ये तीच पॉलिसी वापरलेली हवी, हिशेबाच्या नोंदी दाखवता यायला हव्यात, आणि मूल्य नाकारायला दुसरं काही कारण नको. माझ्या मते हे एक्सपोर्टरला वागायला सगळ्यात सोपं होतं, कारण काय केलं तर चालेल हे तरी कळत होतं.

युरोपात उलट झालं. एका जपानी ग्रुपच्या जर्मन कंपनीचं मार्जिन २००९-१० च्या वर्षात टॅक्स खात्याशी करारात ठरलेल्या रेंजच्या खाली गेलं, म्हणून पेरेंटने साधारण ३८ लाख युरोची क्रेडिट दिली, आणि जर्मन कंपनीने कस्टम्सकडे सुमारे ४३ हजार युरो ड्युटी परत मागितली. डिसेंबर २०१७ मध्ये युरोपियन युनियनच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने सांगितलं की काही भाग सुरुवातीच्या इनव्हॉइसचा आणि काही भाग वर्ष संपल्यावरच्या सरसकट समायोजनाचा, अशी किंमत कस्टम्स मूल्य म्हणून चालणार नाही, कारण ते समायोजन वर की खाली जाणार हे आधी कोणालाच माहीत नव्हतं. या निकालावर अजून भांडणं चालतात. कायद्याच्या शब्दांना धरून तो बरोबर असेलही, पण टॅक्स खात्याने स्वतः सही केलेला करार पाळल्यावर दुसऱ्या खात्याने तो बघायचाच नाही, हे मला पटत नाही. शिवाय मार्जिन जास्त होऊन वरची दुरुस्ती झाली तर जास्तीची ड्युटी भरायची का, याचं स्पष्ट उत्तर निकालात नाही.

कागदपत्रांचा इतिहासही याच गोष्टीला चिकटलेला आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात दंडापासून वाचायचं तर रिटर्न भरतानाच कागद तयार हवा, मागितल्यावर ३० दिवसांत द्यायचा, असा नियम झाला. २०१५ मध्ये ओईसीडीची तीन थरांची रचना आली, अख्ख्या ग्रुपची मास्टर फाइल, त्या त्या देशातल्या कंपनीची लोकल फाइल आणि ७५ कोटी युरोवर उलाढाल असलेल्या ग्रुप्ससाठी देशवार रिपोर्ट. त्यामुळे आता एकाच ग्रुपचे आकडे दोन देशांतले लोक शेजारी शेजारी ठेवून वाचू शकतात, आणि क्रेडिट नोट एका बाजूला 'किंमत' आणि दुसऱ्या बाजूला 'सपोर्ट' म्हणून दाखवली असेल तर ते लगेच दिसतं.

एक साधी केस घेतो, आकडे समजण्यापुरते. परदेशातली ग्रुप कंपनी डिस्ट्रिब्युटर आहे, विक्री १० लाख डॉलर, एक्सपोर्टरकडून खरेदी ८ लाख, खर्च १ लाख ९० हजार. नफा राहिला १० हजार, म्हणजे १ टक्का. पॉलिसीत रेंज २ ते ४.५ टक्के आणि टार्गेट ३ टक्के, म्हणून एक्सपोर्टरने २० हजारांची क्रेडिट नोट काढली. फाइलवर सगळं नीट दिसतं.

पण खर्चाचं लेजर उघडलं तर १ लाख ९० हजारांत १२ हजारांची मॅनेजमेंट फी निघाली, तीही याच एक्सपोर्टरने लावलेली. फी बाजूला ठेवली तर नफा २२ हजार, २.२ टक्के, म्हणजे रेंजमध्येच, क्रेडिट नोट लागलीच नसती. झालं काय, तर १२ हजार सर्व्हिस म्हणून आले आणि मालाच्या भावातून परत गेले, मधल्या मध्ये फीवर तिकडे विदहोल्डिंग टॅक्स, म्हणजे पैसे देतानाच कापायचा टॅक्स, लागला असेल तर तो गेला आणि कस्टम्स मूल्याचा प्रश्न नवीन उभा राहिला. त्यात हेड ऑफिसचा ओव्हरहेड मालाच्या कॉस्टिंगमध्ये आधीच धरलेला असेल तर तीच फी दोनदा वसूल झाली. फी आणि माल वेगवेगळ्या लोकांच्या टेबलावर असतात म्हणून हे नजरेतून सुटतं, फीच्या फाइलमध्ये खर्च अधिक ५ टक्के असं व्यवस्थित बेंचमार्क असतं आणि मालाच्या फाइलमध्ये मार्जिन. म्हणून मी आधी डिस्ट्रिब्युटरचा खर्च उलगडून बघतो, क्रेडिट नोट नंतर.

मग खर्च कशामुळे वाढला ते बघायचं. गोदामाचं भाडं वाढलं असेल आणि करारात ती जोखीम एक्सपोर्टरची लिहिली असेल तर क्रेडिटला आधार आहे. डिस्ट्रिब्युटरच्या स्वतःच्या निर्णयाने उधारी बुडाली आणि ती जोखीम सांभाळणारी माणसंही तिच्याकडेच असतील, तर एक्सपोर्टरने ती का भरावी हे इकडचा टॅक्स अधिकारी विचारणारच, आणि त्याचं विचारणं योग्य असतं. कराराची तारीख वर्ष सुरू होण्याआधीची आहे का, टार्गेट कधी ठरलं, हेही तेव्हाच बघायचं. करार मार्चमध्ये सही झालेला आणि 'जानेवारीपासून लागू' असं लिहिलेलं असेल तर वर दिलेल्या पाच अटींमधली पहिलीच जानेवारी-फेब्रुवारीच्या मालासाठी अडते.

शेवटी वाटणी. ८ लाखांवर २० हजार म्हणजे सरसकट अडीच टक्के, आणि सगळ्या मालाला एकच ड्युटी दर असेल तर इनव्हॉइसवार वाटता येतं. अर्ध्या मालावर शून्य ड्युटी आणि अर्ध्यावर १० टक्के असेल तर कुठल्या मालाचा भाव किती उतरला हे दाखवावंच लागतं. हल्ली बरेच ग्रुप दर तिमाहीला मार्जिन बघून पुढच्या इनव्हॉइसचा भाव बदलतात, त्याने वर्षअखेरीला उरलेली रक्कम छोटी राहते आणि जे बदललं ते इनव्हॉइसवरच दिसतं.