चिंच काळेपणा काढते, मग भांडं रात्रीत पुन्हा का डागाळतं?

गणपतीला आठ दिवस उरले की खानापूरच्या आमच्या घरात माळ्यावरची उपकरणी खाली येतात. तांब्याचं ताम्हण, पळी-पंचपात्र, दोन तांबे, पितळेची समई आणि घंटा. श्रावणभर पावसाची दमट हवा खाऊन सगळी काळवंडलेली असतात. यंदा ती उजळताना मी फोन स्टँडला लावला आणि दर 2 सेकंदाला एक फोटो टिपला.

आधी एक अडचण आली. पहिल्या चित्रणात भांडं उजळत गेलं तसा फोन आपणहून चित्र काळोखं करत गेला, त्यामुळे फरकच दिसेना. मग पडद्यावर बोट दाबून उजेड आणि फोकस एका जागी बांधून ठेवले, रंगाची आपोआप दुरुस्ती बंद केली. खिडकीला पांढरं धोतर लावलं, म्हणजे चकाकीत माझीच सावली दिसणार नाही.

लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवली, कोळ काढला आणि त्यात चमचाभर मीठ घातलं. शेजारच्या कानडी काकू चिंचेला हुणसेहण्णु म्हणतात, घासायची रीत मात्र दोन्ही घरांत एकच. ताम्हणाच्या अर्ध्या भागालाच कोळ लावला. अर्ध्या मिनिटात काळ्याखालून गुलाबी तांबूस रंग वर येऊ लागला.

तो काळा थर म्हणजे बहुतांशी तांब्याचं ऑक्साइड, हवेतल्या ऑक्सिजनशी तांब्याचा संयोग होऊन तयार झालेलं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल त्याला विरघळवतं. मिठातला क्लोराइड सुटलेल्या तांब्याला धरून ठेवतो, म्हणून नुसत्या कोळापेक्षा मीठ घातलेला कोळ चटकन काम करतो. लिंबाचा रसही चालतो, पण तो उभ्या भांड्यावरून ओघळतो. चिंचेचा गर चिकटून बसतो, आणि आज्जी लिंबापेक्षा चिंचच का घ्यायची ते मला इथं कळलं.

समईने मात्र दाद दिली नाही. बोटांच्या खुणांसारखी काळी बेटं तशीच राहिली. ती ऑक्साइडची नव्हती, जळक्या तेलाची होती. तेलाच्या थरातून पाण्यातलं आम्ल आत शिरत नाही. गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने तेल काढलं, मग कोळ लावला, तेव्हा ती निघाली. भांड्यावर पाण्याचे थेंब गोळे होऊन उभे राहिले तर समजावं, तेल अजून शिल्लक आहे.

त्या समईवर मी कोळ जरा जास्तच वेळ ठेवला. आज्जी ओसरीवरूनच ओरडली, “धुऊन टाक की गं आता, किती वेळ ठेवतीस! तांब्यासारखी दिसाय लागली बघ.” खरंच, पिवळ्या पितळेवर गुलाबी छटा आली होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात जस्त आधी सुटतं आणि पृष्ठभागावर तांबं उरतं, म्हणून ते गुलाबी दिसतं. पितळेला दोन-तीन मिनिटं पुरेत, आणि तांब्याची भांडी बुडवलेल्या कोळात पितळ बुडवू नये. चाळलेली मऊ राख ओल्या फडक्यावर घेऊन हलक्या हाताने चोळली, तेव्हा ती छटा गेली. रांगोळीने घासलं असतं तर बारीक ओरखडे पडले असते.

दुसरं चित्रण रात्रीचं. दोन तांबे सारखेच उजळले. एक नुसता पाण्याखाली धरून तसाच ओला ठेवला. दुसरा साध्या पाण्याने धुतला, मग चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यातून काढला, पुन्हा धुतला आणि सुती फडक्याने कोरडा पुसून चुलीजवळ ठेवला. मिनिटाला एक असे दहा तासांत 600 फोटो झाले. सेकंदाला 30 प्रमाणे जोडल्यावर 20 सेकंदांचं चित्रण.

त्या वीस सेकंदांत ओल्या तांब्यावर, जिथे थेंब थबकले होते तिथे, तपकिरी कडा उमटत गेल्या. काठाच्या दुमडीत हिरवट ठिपकाही दिसला. उरलेलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, आणि ओलं मीठ तांब्याला परत खायला लागतं. नुकतंच उघडं पडलेलं तांबं तर हवेशी लगेच संयोग पावतं. पुसलेल्या तांब्यात त्या रात्री मला काहीच फरक दिसला नाही.

हिरवा दिसला की ते भांडं तीर्थाला घेऊ नये. आधी पुन्हा उजळावं, दुमडीत जुन्या टूथब्रशने घासावं, आणि पंचामृत तर तांब्याच्या भांड्यात ठेवूच नये, दह्याचं आम्ल तांबं उतरवतं. कल्हई केलेल्या भांड्याला आतून कोळ लावू नये, कथिलाचा थर पातळ असतो. काकूंचा लोटा पुसायचा राहिला होता. त्यांनी तो रात्रीच परत धुतला आणि पाटावर उपडा न ठेवता आडवा करून वाळवला, म्हणजे आत वाफ कोंडत नाही.