हेपरिनवरून वॉरफरिनवर: पात्रता, कागदपत्रे आणि दोन्ही औषधे सोबत चालवण्याची प्रक्रिया

नर्सिंगच्या परीक्षेत हा प्रश्न ठरलेला असतो, आणि वॉर्डात चूकही ठरलेल्या जागीच होते: तिसऱ्या दिवशी आयएनआर 2 च्या वर दिसला की हेपरिन बंद. म्हणून उजळणी त्याच टप्प्याची करू.

उदाहरण धरू गुहागरच्या किनाऱ्यावरच्या एका काकींचे. वय 52, वजन 60 किलो. डावी पोटरी सुजलेली, डॉपलरमध्ये खोल शिरेत गुठळी.

पात्रता

गुठळी तपासणीत दिसलेली हवी आणि कुठे रक्तस्राव सुरू नसावा. बाई गरोदर असेल तर वॉरफरिन सहसा देत नाहीत, कारण ते वारेतून बाळापर्यंत पोचते. हेपरिन पोचत नाही. आणखी एक गोष्ट मी पात्रतेतच धरते: पेशंटला रक्त तपासायला पुन्हा पुन्हा येता येईल का? पावसाळ्यात एसटी चुकली, धोपाव्याची फेरीबोट बंद राहिली, तर जवळची लॅब कोणती, हे आधीच विचारून ठेवा.

कागदपत्रे

जुने केसपेपर, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे (नुसती नावे सांगून चालत नाही), आणि सुरुवातीचे रिपोर्ट: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पीटी-आयएनआर, एपीटीटी, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या. पाकिटांत टीबीची रिफाम्पिसिन सापडली तर वॉरफरिनचा असर घटतो. मेट्रोनिडॅझोल किंवा को-ट्रायमॉक्सॅझोल असेल तर तो वाढतो.

प्रक्रिया

हेपरिनचा पहिला डोस 80 युनिट प्रतिकिलो, म्हणजे काकींना 4800 युनिट शिरेतून. मग तासाला 18 युनिट प्रतिकिलो, म्हणजे 1080 युनिट. 250 मिलीत 25,000 युनिट मिसळले की 1 मिलीत 100 युनिट होतात, पंप 10.8 वर लावायचा. इथे बाटली हातात धरून वाचा. 5 मिलीची बाटली 5,000 युनिटचीही येते आणि 25,000 चीही. आकार सारखा, औषध पाचपट. दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेतल्याशिवाय पंप सुरू करू नका.

सहा तासांनी एपीटीटी. रक्त दुसऱ्या हातातून घ्यायचे. ज्या हातात हेपरिन चालू आहे त्यातून घेतले तर आकडा खोटाच वाढलेला येतो. निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरायची. ती कमी भरली तर सायट्रेट जास्त पडून रिपोर्ट बिघडतो. कंट्रोल 30 सेकंद असेल तर साधारण 45 ते 75 सेकंद हवेत. प्लेटलेटवरही लक्ष ठेवा: पाचव्या ते दहाव्या दिवसात त्या निम्म्यावर आल्या, तर हेपरिनमुळेच गुठळ्या होण्याचा धोका असतो. लगेच डॉक्टरांना कळवा.

वॉरफरिन पहिल्याच दिवशी संध्याकाळी सुरू झाले, 5 मिग्रॅ. तिसऱ्या दिवशी आयएनआर 2.1. हा आकडा फसवतो. वॉरफरिन रक्तातले तयार घटक मोडत नाही. व्हिटॅमिन केवर चालणारे नवे घटक बनू देत नाही. सातवा घटक काही तासांत संपतो, म्हणून आयएनआर लवकर चढतो. पण गुठळी रोखायला दुसरा घटक, प्रोथ्रॉम्बिन, उतरावा लागतो आणि त्याचे अर्धे आयुष्यच अडीच-तीन दिवसांचे. शिवाय गुठळी रोखणारे प्रोटीन सीसुद्धा लवकर घटते. म्हणजे त्या दिवशी हेपरिन काढले तर काकी उघड्या पडतात.

नियम असा: दोन्ही औषधे किमान पाच दिवस सोबत, आणि आयएनआर 2 किंवा वर चोवीस तास टिकलेला. काकींचा पाचव्या दिवशी 2.4, सहाव्या दिवशी 2.5 आला. मग हेपरिन थांबले. त्यांचे लक्ष्य 2 ते 3. उतारा लक्षात ठेवा: हेपरिनला प्रोटामिन, वॉरफरिनला व्हिटॅमिन के.

घरी जाताना

"काकी, टाकळा, अळू, शेवग्याचा पाला खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढाच." भाजी बंद करा असे सांगू नका. पहिल्या पावसात टाकळा उगवला की घराघरांत रोज तीच भाजी होते आणि आयएनआर खाली येतो. मासे चालतात. अंगदुखीवर डायक्लोफिनॅक स्वतःहून घ्यायची नाही, दंडावर किंवा कमरेत इंजेक्शन टोचून घ्यायचे नाही. मासे कापताना विळी लागली तर दहा मिनिटे सलग दाबून धरायचे. शौच काळी, लघवी लाल झाली किंवा डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी दवाखान्यात यायचे. गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन नाहीत.

आयएनआरच्या वहीत चार रकाने पाडून द्या: तारीख, आकडा, गोळी किती मिलिग्रॅमची, पुढची तपासणी कधी. "एक गोळी" असे लिहू नका; 1, 2, 3 आणि 5 मिग्रॅ अशा वेगवेगळ्या गोळ्या मिळतात. पहिली तपासणी तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याला, आकडा स्थिरावला की महिन्याने. काकींच्या वहीत पहिली ओळ तुम्ही लिहा, दुसरी त्यांच्या सुनेकडून तुमच्यासमोर लिहून घ्या.