वस्तुमानाची तूट: एकाच नावाचे दोन हिशेब

1932 साली लिथियमवर प्रोटॉनचा मारा करून त्याचे दोन हीलियम केंद्रक केले गेले.

⁷Li + ¹H → 2 ⁴He

वरच्या वस्तुमानांकांची बेरीज दोन्हीकडे 8, इथे न लिहिलेल्या अणुक्रमांकांची दोन्हीकडे 4. समीकरण संतुलित झाले, पण वजन जुळत नाही. आजचे आकडे घेतले तर डावीकडे 8.023828 u, उजवीकडे 8.005206 u. मधले 0.018622 u म्हणजे 17.35 MeV, आणि हीलियमच्या हवेतल्या पल्ल्यावरून तेव्हा काढलेली ऊर्जाही याच्या आसपासच होती.

या तुटीच्या नावाचा गोंधळ त्याआधीचा आहे. 1920 च्या दशकात न्यूट्रॉन माहीत नव्हता, त्यामुळे अणूचे वस्तुमान त्याच्या वस्तुमानांकापासून किती ढळते एवढेच नोंदले जाई. त्या फरकालाही पुष्कळ ठिकाणी ‘मास डिफेक्ट’ म्हटले गेले. आज त्याला ‘मास एक्सेस’ म्हणतात. खरी तूट निराळी: सुटे प्रोटॉन-न्यूट्रॉन वजा प्रत्यक्ष अणू.

लोह-56 घ्या. 26 हायड्रोजन अणू (प्रत्येकी 1.007825 u) आणि 30 न्यूट्रॉन (1.008665 u) मिळून 56.463400 u. अणूचे वस्तुमान 55.934936 u. तूट 0.528464 u, गुणिले 931.494 म्हणजे 492.3 MeV, भागिले 56 म्हणजे दर न्यूक्लिऑनमागे 8.79 MeV. मास एक्सेसच्या तक्त्यात मात्र याच लोहापुढे −60.6 MeV असते. त्याला तूट समजून 56 ने भागले की 1.08 येते. अगदी हलकी सोडली तर बहुतेक केंद्रकांचे उत्तर 7 ते 9 च्या पट्ट्यात असते; त्याबाहेर इतके लांब पडले की बहुधा हीच चूक, असे समजावे. दुसरी चूक जास्त लबाड आहे: हायड्रोजनऐवजी नुसत्या प्रोटॉनचे वस्तुमान घेतले तर 26 इलेक्ट्रॉन एकाच बाजूला उरतात आणि उत्तर 8.55 येते, जे पाहून कुणालाही शंका येत नाही.

यात भर घातली मोजपट्टीच्या वादाने. भौतिकशास्त्रज्ञ ऑक्सिजन-16 ला 16 मानत, तर रसायनशास्त्रज्ञ निसर्गातल्या मिश्र ऑक्सिजनला. फरक दहा लाखांत सुमारे 275. रसायनवाल्यांना आपले सगळे तक्ते एवढे हलवायचे नव्हते. शेवटी 1960-61 मध्ये दोन्ही बाजूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी कार्बन-12 बरोबर 12 हे मान्य केले. रसायनाचे आकडे जेमतेम हलले, भौतिकीचे दहा लाखांत 318 ने उतरले. झळ कुणाला बसली ते उघड आहे.

लोहाचा एक्सेस या बदलाने −0.0473 वरून −0.0651 वर गेला. तूट MeV मध्ये होती तिथेच राहिली, कारण तिच्यात मोजपट्टीचे शून्य येतच नाही. जुन्या पुस्तकातले लोह (55.9527) आणि नव्या तक्त्यातले हायड्रोजन व न्यूट्रॉन एकत्र केले, तर मात्र 8.49 हाती येते.