डग्ग्याचा गुंगाट आणि हरवलेली चाट: दोन माईकवर तबला-ढोलकी रेकॉर्ड करताना

घरी तबला रेकॉर्ड केलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते, की समोर बसून ऐकताना टणटणीत वाजणारा तबला रेकॉर्डिंगमध्ये एकदम गोधडीखाली गेल्यासारखा का येतो, डग्गा नुसता गुंगुं करत राहतो आणि चाटीवरचा 'ना' कुठे गेला ते कळतच नाही. मग लोक काय करतात, तर ट्रेबल वाढवतात. त्याने 'ना' थोडा टोचायला लागतो, फॅनचा आवाज वर येतो आणि डग्गा आहे तिथेच राहतो.

खरं म्हणजे 'ना' गेलेला नसतोच. बोटाचा ठोका म्हणजे जेमतेम काही मिलिसेकंदांचा मामला, त्याची धार साधारण दोन ते सहा हजार हर्ट्झमध्ये असते आणि डग्ग्याचा 'घे' मात्र शंभरच्या आसपास पाव-अर्धा सेकंद रेंगाळतो. आपल्या कानाची गंमत अशी की मोठा खालचा आवाज चालू असेल तर त्याच्या वरचे बारीक आवाज झाकले जातात, उलटं त्या मानाने कमी होतं. म्हणजे मागच्या 'घे'ची शेपटी पुढच्या 'ना'वर पडते. ठोका स्वच्छ हवा असेल तर ट्रेबल राहू द्या, आधी ती शेपटी छोटी करा. आणि शेपटी लांबते कुठे? माईकमध्ये आणि खोलीत.

आधी माईक. आपण वापरतो ते बहुतेक माईक कार्डिऑइड, म्हणजे पुढचं जास्त ऐकणारे आणि पाठीमागचं कमी. हे त्यांना जमतं कारण पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवा पोचते आणि ते दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजतात. पण आवाजाचा उगम अगदी जवळ असला की हा फरक खालच्या स्वरांसाठी उगाच वाढतो, आणि याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. छोट्या उगमासाठी कागदावर हिशोब केला तर 100 हर्ट्झचा आवाज माईक 10 सेंटीमीटरवर असताना साधारण 9 डेसिबलने फुगतो, 25 सेंटीमीटरवर साडेतीनने आणि 40 वर दोनच्याही आत. डग्ग्याची पुडी काही बिंदूएवढी नसते त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे हलतात, पण मुद्दा तोच, की स्टेजवर माईक पुडीला चिकटवतात ते फीडबॅक टाळायला, घरी त्याची काहीच गरज नाही.

आता खोली. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक स्वर अडकून घुमतात आणि ते शोधायला फक्त मोजायची टेप लागते. आवाजाचा वेग सेकंदाला 345 मीटर धरा आणि त्याला खोलीच्या मीटरमधल्या लांबीने भागा, जो आकडा येतो तो त्या दिशेचा दुसरा घुमारा (पहिला त्याच्या निम्म्यावर असतो, तो डग्ग्याच्या खालीच राहतो म्हणून सोडून देऊ). कोथरूडच्या एका मित्राची बेडरूम घेऊ, पुण्यातल्या कुठल्याही दोन-बीएचकेत असते तशीच, 10 बाय 12 फूट आणि उंची साडेनऊ. दहा फुटाच्या बाजूने 113 हर्ट्झ येतात, बारा फुटाच्या बाजूने 94, आणि जमिनीपासून छतापर्यंत 119. म्हणजे 113 आणि 119 शेजारी शेजारी, आणि त्याच्या डग्ग्याचा मोकळा 'घे' नेमका तिथेच, 110-115 च्या घरात. वर हा गडी खोलीच्या बरोब्बर मधोमध सतरंजी टाकून बसायचा, आणि या दुसऱ्या घुमाऱ्याचा जोर असतो भिंतीपाशी आणि बरोब्बर मधेच. मग घुमणार नाही तर काय.

गुंगाट माईकचा की खोलीचा हे ओळखायला एक सोपी टेस्ट आहे. डग्ग्यावर 'घे' वाजवून मनगटाने सावकाश मींड घ्यायची, खालून वर, चार-पाच वेळा, आणि ते रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकायचं. मींड सगळीकडे सारखीच जाड वाटली तर माईक फार जवळ आहे. पण चढता चढता एकाच ठिकाणी आवाज भस्सकन मोठा होऊन पुढे परत बसला, तर ती खोली. मित्राच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही होतं, आधीच सगळं जाड आणि त्यात 113 च्या आसपास उसळी.

उपाय एक पैसा खर्च न करता झाला. दहा फुटाच्या बाजूने हा घुमारा मधे जोरात असला तरी भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे अडीच फुटांवर, तो जवळजवळ शून्य असतो आणि तिथे बसून वाजवलं तर डग्गा त्याला चिथवूच शकत नाही. म्हणून सतरंजी सरकवली भिंतीपासून अडीच फुटांवर, डग्ग्याचं तोंड त्या रेषेत. मागची भिंत आता जवळ आली म्हणून तिच्यावर एक जाड गोधडी टांगली, ती फक्त ठोक्याचा परतणारा आवाज खायला.

राहिला 119 वाला, जमीन-छताचा. डग्गा जमिनीवर बसतो आणि जमिनीपाशी हा घुमारा सगळ्यात जोरात, त्यामुळे डग्गा तिथून हलवता येत नाही. पण माईक हलवता येतो की! या घुमाऱ्याची शांत जागा उंचीच्या पाव भागावर येते, साडेनऊ फुटात साधारण 72 सेंटीमीटर. डग्ग्याची पुडी जमिनीपासून साधारण 28-30 सेंटीमीटरवर, म्हणजे माईक पुडीपासून 40 सेंटीमीटर वर नेला की तो आपोआप या शांत पट्ट्यात जातो. प्रॉक्सिमिटीचा फुगाही तिथे बसलेला असतो, एका हालचालीत दोन्ही कामं. मला हे फार आवडतं.

अंड्याचे ट्रे आणि पातळ फोम लावू नका. 113 हर्ट्झची लाट तीन मीटर लांब असते, तिला इंचभर फोम दिसतसुद्धा नाही. तो फोम खातो वरचे आवाज, म्हणजे नेमका आपल्याला हवा असलेला ठोका, आणि डग्गा तसाच घुमत राहतो. खोली आणखी बद्द वाटते ती त्यामुळे.

आता दुसरा माईक, तबल्यावरचा. तो पुडीपासून 25 सेंटीमीटरवर, वाजवणाऱ्याच्या समोरच्या बाजूने तिरका, आणि नेम शाईच्या मध्यावर नाही तर चाट आणि लव जिथे भेटतात तिथे. शाईवर नेम धरला तर 'तूं' जाड येतो आणि 'ना'ची धार जाते. लो-कट लावायचा असेल तर या माईकवर 100 हर्ट्झपर्यंतच थांबा. तबला काळी एकला लावलाय, म्हणजे 277 हर्ट्झ, तर त्याखाली सगळं कापून टाकू असं वाटतं, पण 'ना'मध्ये पुडीचा मूळ कंप बोटाने दाबलेला असतो आणि आपण जो स्वर ऐकतो तो त्याच्या वरचा. मोकळा 'तूं' वाजला की साधारण निम्म्यावरचा, 140-150 च्या घरातला तो मूळ कंप बाहेर येतो. शाईमुळे हे वरचे कंप एकमेकांच्या पटीत बसतात हे सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत 1920 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं होतं. तुमचा लो-कट 200 वर असेल तर तुम्ही त्या शाईच्या अर्ध्या मेहनतीवर पाणी ओतताय.

आणि दोन माईक म्हणजे एक नवीन भानगड. तबल्याचा 'ना' स्वतःच्या माईकला 25 सेंटीमीटरवर ऐकू येतो आणि डग्ग्याच्या माईकला साधारण 55 वर, म्हणजे तिथे तो जवळजवळ 0.9 मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की काही स्वर एकमेकांना खातात, पहिला खड्डा 575 हर्ट्झला आणि मग वर ठरावीक अंतराने पुढचे, आणि ठोका पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो. हेडफोनवर डावी-उजवीकडे वेगळे ठेवले तर कळत नाही, पण लोक ऐकतात फोनच्या स्पीकरवर आणि तिथे दोन्ही बऱ्याचदा एक होतात. म्हणून मोनो बटण दाबून ऐकल्याशिवाय माईकची जागा पक्की करायची नाही.

बरेच जण मग सॉफ्टवेअरमध्ये एक ट्रॅक सरकवून ठोके जुळवतात. ते चालत नाही, कारण तबल्यासाठी डग्ग्याचा ट्रॅक 0.9 मिलिसेकंद पुढे ओढला तर डग्ग्याचा आवाज, जो तबल्याच्या माईकमध्येही शिरलाय, तो आणखी बिघडतो. वेळ जुळवण्यापेक्षा शिरकाव कमी करा. डग्ग्याचा माईक थोडा बाहेरच्या बाजूला नेऊन तबल्याकडे त्याची कूस करायची, तबल्याच्या माईकचं तसंच उलट दिशेने. शिरलेला आवाज मूळ आवाजापेक्षा 9-10 डेसिबलने खाली गेला की खड्डे साधारण साडेतीन डेसिबलचे उरतात, आणि ते सहसा कोणाला कळत नाहीत.

ढोलकीत मात्र मामला वेगळा. तिच्या दोन तोंडांमध्ये एकच कोंडलेली हवा आहे, त्यामुळे धुमवर थाप पडली की ती पुडी आत जाते आणि समोरची शाईची पुडी बाहेर ढकलली जाते. दोन्ही टोकांना एकेक माईक असेल तर खालच्या स्वरांसाठी एकाला दाब कमी झालेला दिसतो आणि दुसऱ्याला वाढलेला, म्हणजे बेरीज केली की धुमचा दम निम्मा जातो, मग लोक तो ईक्यूने भरतात आणि नुसता चिखल वर येतो. एका चॅनलचं पोलॅरिटी बटण दाबून बघा आणि मोनोत ज्या स्थितीत धुम भरीव लागते ती ठेवा, मग गरज पडली तर फेडरने कमी करा. लावणीच्या ढोलकीत चाटीवरचे बोल इतके दाट येतात की तिथे धुमचा माईक तीस सेंटीमीटरच्या आत नेऊच नये असं माझं मत.

कॉम्प्रेसर लावणार असाल तर त्याचा अटॅक 20-30 मिलिसेकंद ठेवा म्हणजे ठोका निसटून जाईल आणि दाबली जाईल ती शेपटी. एक मिलिसेकंद ठेवला तर बरोब्बर उलटं होतं. आणि जुलै-ऑगस्टमध्ये नदीपात्राजवळ राहत असाल तर संध्याकाळी रेकॉर्डिंग लावूच नका, ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस सुरू असते, त्या ढोलाचा दणका डग्ग्याच्याच पट्ट्यात पडतो आणि तो काढायला गेलात तर डग्गाही सोबत जातो. सकाळी लवकर बसा, पावसाळी हवेत पुड्या उतरतात म्हणून हातोडी जवळ ठेवा आणि दर टेकच्या आधी स्वर तपासा.