मऊ सावली आणि फिकट सावली

वेंगुर्ल्यातल्या एका बचत गटाच्या कोकम सरबताची बाटली मी स्टुडिओत काढली होती. तिचा कटआउट करून तो संगणकावर चिऱ्याच्या गडग्याच्या फोटोत बसवला आणि खाली सावली काढली. फोटो बघून गटातल्या काकू म्हणाल्या, "सावली वायच सॉफ्ट कर रे." मी सावलीची Opacity ७० टक्क्यांवरून ४० वर आणली, तर बाटली आणखीच तरंगायला लागली. काकूंना खटकत होती सावलीची कडा आणि मी बदलला होता तिचा गडदपणा. या दोन गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून सूचना देतानाही त्या वेगळ्या लिहाव्या लागतात.

कडेचा मऊपणा ठरतो प्रकाशाचा उगम किती मोठा दिसतो त्यावरून. आकाशात सूर्याची रुंदी साधारण अर्धा अंश दिसते. त्यामुळे सावली टाकणारी कड आणि सावली यांत जितकं अंतर, त्याच्या सुमारे एकशेदहाव्या भागाइतका धूसर पट्टा कडेला तयार होतो. माझ्या फोटोत गडग्यावर एक तांब्या होता आणि त्याची सावली आडवी, उजवीकडे पडली होती. ती त्याच्या उंचीच्या पावणेदोन पट भरली, म्हणजे सूर्य क्षितिजापासून सुमारे ३० अंश वर. (सावली कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्यापासून दूर जात असेल तर हे माप फसतं, कारण तिची लांबी फोटोत दबते.) २५ सेंटिमीटरच्या बाटलीची सावली त्या हिशेबाने ४३ सेंटिमीटर. बाटलीच्या झाकणापासून सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर ५० सेंटिमीटर, म्हणून टोकाजवळ सावलीच्या बाजूच्या कडांना जेमतेम अर्धा सेंटिमीटर धूसरपणा. बुडाशी मात्र शून्य.

माझी खरी चूक इथे होती. मी सबंध सावलीला एकच Gaussian Blur दिला होता. त्याने बुडाजवळची रेघही पुसली गेली, आणि बाटली टेकली आहे हे डोळ्याला कळतं ते त्याच रेघेवरून. आता मी सावलीच्या दोन प्रती ठेवतो, एक रेखीव आणि एक धूसर, आणि ग्रेडियंट मास्कने बुडापासून टोकाकडे एकीतून दुसरीत जातो. बाटली पडद्यावर १००० पिक्सेल उंच असेल तर टोकाचा पट्टा सुमारे २० पिक्सेलचा होतो.

फिकटपणा ठरवतो तो दुसरा प्रकाश. सूर्य अडला तरी आकाश सावलीत उजेड टाकतच असतं, आणि निरभ्र आकाशाचा उजेड निळसर असतो. म्हणून सावलीसाठी निव्वळ काळा रंग घेऊन Opacity कमी करत बसण्यापेक्षा तिचा रंग फोटोतूनच मोजावा. तांब्याशेजारच्या उन्हातल्या चिऱ्याचा रंग, लाल-हिरवा-निळा या क्रमाने आणि ० ते २५५ या मापात, आला १८२, ११८, ८६ आणि सावलीतल्या चिऱ्याचा ७०, ५२, ४६. दुसऱ्याला पहिल्याने भागून २५५ ने गुणलं की ९८, ११२, १३६ मिळतात. हा निळसर करडा रंग, खालच्या रंगाशी गुणाकार करणाऱ्या Multiply लेयरवर पूर्ण १०० टक्के ठेवला की गडदपणा आणि रंग दोन्ही एकदम जुळतात. मोजताना दोन्ही ठिकाणी चिरा सारखाच हवा, शेवाळलेला भाग घेतला तर गणित बिघडतं. बाटली पारदर्शक असल्याने सावलीच्या मधोमध कोकमाची लालसर झाकही द्यावी लागली. ती नसती तर बाटलीत शाई भरल्यासारखी वाटली असती.

उन्हाचा पिवळेपणा बाटलीवर आणताना हाच भेद पाळावा. सबंध कटआउट पिवळा केला की तिची सावलीकडची बाजूही तापते आणि फोटो खोटा दिसतो. पिवळेपणा फक्त उन्हाकडच्या अंगाला द्यायचा, पलीकडचं अंग थंडच ठेवायचं.

दिशेचं मात्र लवकर सुटलं. स्टुडिओतली चमक बाटलीच्या उजव्या अंगावर होती आणि फोटोतला सूर्य डावीकडे. बाटली उलटवली तर लेबलावरची अक्षरं उलटी होतात, म्हणून मी गडग्याचा फोटोच आडवा उलटवला. ओळखू येणारा किल्ला किंवा पाटी त्यात असती तर हे जमलं नसतं. आणि आपल्या किनाऱ्यावर संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून काढलेला फोटो असेल तर सूर्य वस्तूच्या मागे असतो, सावली आपल्याकडे येते. समोरून उजेड टाकून काढलेली बाटली तिथे कशीच बसत नाही, ती पुन्हा काढावी लागते.

काकूंचा तोच गडगा पावसाळ्यातल्या फोटोत असता तर आख्खं आभाळच दिवा झालं असतं. तेव्हा सावली मऊही होते आणि फिकटही, आणि दोन्ही एकदम होतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो. तिथे लांब सावली काढूच नये. फक्त बुडाखाली, जिथे आभाळ पोचत नाही तिथे, एक अरुंद गडद पट्टी ठेवावी आणि बाहेरच्या बाजूला ती विरत न्यावी.