दारणा, गिरणा आणि द्राक्षाच्या पेटीतलं घड्याळ

माझी भाची गंगापूर रोडच्या एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. त्या अभ्यासिकेच्या जिन्यात एक पत्रक चिकटवलेलं आहे: '२१ दिवसांत फोटोग्राफिक मेमरी', सोबत कसलंसं चूर्ण मोफत. पाहिलेलं पान फोटोसारखं जसंच्या तसं साठवणारी स्मृती प्रौढ माणसांत असते, याचा भक्कम पुरावा आजवर कोणी दिलेला नाही. चूर्णाबद्दल न बोललेलंच बरं. पत्रक वाचून मी वर गेलो, तर ही भूगोलाचं तेच पान पाचव्यांदा वाचत होती. ओळीओळीवर पिवळा हायलायटर.

पाचव्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि घात तिथेच होतो. ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांचे गट करून हे तपासलं. एका गटाने चारही सत्रांत उतारा फक्त वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१.

म्हणून कार्डं. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. पण मला खरी गोडी आहे ती कार्डांची नाही, ती ठेवायच्या खोक्याची.

सेबास्टियन लाइटनर या विज्ञान पत्रकाराने १९७२ साली ही पद्धत जर्मन वाचकांपुढे मांडली. एका लांबट खोक्यात पाच कप्पे. नवं कार्ड पहिल्यात जातं. उत्तर बरोबर आलं की ते एक कप्पा पुढे सरकतं. चुकलं की ते कुठल्याही कप्प्यात असो, थेट पहिल्यात परत. आता बहुतेक जण याला वेळापत्रक जोडतात: पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार दिवसांनी, असं. लाइटनरच्या मूळ खोक्यात मात्र तारखा नव्हत्याच. त्यात कप्प्यांच्या रुंद्या होत्या, १, २, ५, ८ आणि १४ सेंटिमीटर. पहिला कप्पा रोज पाहायचा. बाकीच्यांना हात लावायचा तो कप्पा भरत आला की, आणि तेव्हाही फक्त पुढची, म्हणजे सर्वांत जुनी थोडी कार्डं काढायची. नवी आलेली मागे लावायची.

आम्ही द्राक्षाच्या रिकाम्या पेटीच्या पुठ्ठ्याचं असं खोकं केलं आणि लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं केली. मोजलं तर एका सेंटिमीटरमध्ये साधारण ३० कार्डं बसली. म्हणजे दुसऱ्या कप्प्यात ६०, तिसऱ्यात १५०, चौथ्यात २४०, पाचव्यात ४२०. रोज १० नवी कार्डं टाकली आणि सगळी उत्तरं बरोबर येतात असं धरलं, तर दुसऱ्या कप्प्यात रोज १० कार्डं येतात. कप्पा ६० चा, म्हणजे आत शिरलेल्या कार्डाची पाळी साधारण सहा दिवसांनी येते. टाकीत पाणी किती वेळ राहतं, तर टाकीची क्षमता भागिले नळाची धार, तसंच हे. तिसऱ्यात हा मुक्काम १५ दिवसांचा, चौथ्यात २४, पाचव्यात ४२. रुंदी वाढत जाते म्हणून दोन उजळण्यांमधलं अंतर आपोआप वाढत जातं. पुठ्ठ्याचं घड्याळच हे, काटे नसलेलं.

मात्र हे घड्याळ नळाच्या धारेवर चालतं. रोज १० ऐवजी ५ कार्डं टाकली, तर दुसऱ्या कप्प्यातला मुक्काम १२ दिवसांचा होतो, आणि नवी कार्डं बंद केली तर घड्याळच थांबतं. तारखांच्या वेळापत्रकात ही अडचण येत नाही.

महिन्याभराने भाचीचा फोन आला. "मामा, पहिला कप्पा बंदच होत नाहीये." ती रोज २० कार्डं टाकत होती.

हे असं का होतं ते नाण्याने समजतं. पाच कप्पे पार करायचे, म्हणजे सलग पाच बरोबर उत्तरं हवीत. मध्ये एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. नाणं उडवून सलग पाच वेळा छापा मिळवायचा असेल, तर सरासरी ६२ वेळा उडवावं लागतं. म्हणजे प्रत्येक वेळी निम्मीच खात्री असलेलं कार्ड खोक्याबाहेर पडायच्या आधी सरासरी ६२ वेळा हातात येतं. खात्री ७० टक्के असेल तर १६-१७ वेळा, ९० टक्के असेल तर फक्त सातेक वेळा. रोज १० नव्या कार्डांच्या हिशेबाने, काही महिन्यांनी रोजचं काम ९० टक्केवाल्याला ७० कार्डांचं, ७० टक्केवाल्याला १६५ चं आणि निम्म्या खात्रीवाल्याला ६२० चं! अवघड कार्ड जास्त वेळा समोर यावं हेच तर आपल्याला हवं होतं, पण वाईट लिहिलेली मूठभर कार्डं त्याच नियमाने सगळा वेळ खाऊन टाकतात. खुणेसाठी काही मोजावं लागत नाही. पहिला कप्पा फुगला की समजायचं.

नवी कार्डं आठवडाभर थांबवली आणि आठ-आठ वेळा परत आलेली बाजूला काढून टेबलावर पसरली. एकावर लिहिलं होतं: 'नाशिक जिल्ह्यातील धरणे सांगा.' सातापैकी सहा आठवली तरी ते कार्ड नापास. ते फोडून 'गंगापूर धरण कोणत्या नदीवर?' अशी एकेका उत्तराची कार्डं केली.

खरी गंमत पुढच्या जोडीत होती. 'दारणा कोणत्या नदीला मिळते?' आणि 'गिरणा कोणत्या नदीला मिळते?' दोन्ही नद्या नाशिक जिल्ह्यातल्या, नावं यमकातली. एकीचं उत्तर दुसरीला चिकटायचं. अशी कार्डं कितीही वेळा पाहा, प्रत्येक वेळी दोन्ही उत्तरं एकदमच ओठांवर येतात. इथे उजळणी वाढवून उपयोग नव्हता, दोघींना वेगळं करणारा धागा हवा होता. तो सातमाळा रांगेत सापडला. ही रांग गोदावरी आणि तापी यांच्या खोऱ्यांमधला बांध आहे. दारणा इगतपुरीकडची, बांधाच्या दक्षिणेची, म्हणून गोदावरीला. गिरणा कळवण-मालेगावकडची, उत्तरेची, म्हणून तापीला. 'सातमाळ्याच्या उत्तरेचं पाणी कुठे जातं?' असं एक नवं कार्ड घातलं आणि जुनी दोन्ही तशीच ठेवली.

आणखी एक खोड सापडली. उत्तर 'तोंडावर होतं' असं म्हणून ती कार्ड पुढे ढकलायची. आता मागची बाजू बघायच्या आधी उत्तर मोठ्याने म्हणायचं. अभ्यासिकेत बोलता येत नाही, म्हणून कागदावर खरडायचं.

एक गोष्ट खोक्याला कधीच कळत नाही: परीक्षेची तारीख. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि कार्ड नुकतंच पाचव्या कप्प्यात पडलेलं असेल, तर त्याची पाळी पेपर झाल्यावरच यायची. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात कप्प्यांचे नियम सोडायचे आणि पाचव्यापासून उलटं येत सगळी कार्डं एकदा हातावेगळी करायची. भाचीने परवा तेच सुरू केलं. गिरणेचं कार्ड चौथ्या कप्प्यात मिळालं. दारणेचं अजून दुसऱ्यातच आहे.