युनिट डोस वाटप

रुग्णालयाच्या फार्मसीतून प्रत्येक रुग्णाची औषधे एकेका वेळच्या मात्रेत, नाव आणि वेळ लिहिलेल्या स्वतंत्र पाकिटांत वॉर्डात पाठवण्याची पद्धत. एका खेपेत साधारण २४ तासांपुरतीच औषधे जातात. १९६०च्या दशकात ती अमेरिकी रुग्णालयांत रुजली. वॉर्ड स्टॉकमध्ये मात्र औषधांचे डबे वॉर्डाच्या कपाटातच असतात आणि सिस्टर त्यातून प्रत्येकाची मात्रा काढतात. पुण्यातल्या खासगी रुग्णालयांत बऱ्याचदा मधली रीत दिसते: रुग्णाच्या नावाने इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी-चिठ्ठी, फार्मसीत जाते, मामा किंवा मावशी पिशवी आणतात आणि अख्ख्या स्ट्रिपा त्याच्या खणात पडतात. पिशवीवर नाव असले तरी मात्रा वॉर्डातच काढली जाते, त्यामुळे हा युनिट डोस नव्हे.

या पद्धतीचा खरा फायदा परत आलेल्या पाकिटात आहे. समजा, १२ नंबरच्या खाटेला मेट्रोनिडॅझोल ४०० मिग्रॅ दिवसातून तीनदा लिहिले आहे. फार्मसीने सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० अशी तीन पाकिटे भरली. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये दुपारचे पाकीट तसेच सापडते, चार्टवर मात्र सही आहे. विचारल्यावर कळते की रुग्ण तेव्हा सोनोग्राफीला गेला होता, सही आधीच झाली होती. वॉर्ड स्टॉकमध्ये हीच गोष्ट हजार गोळ्यांच्या डब्यात कोणाला दिसलीच नसती.

आपल्याकडची मोठी अडचण कात्रीची. स्ट्रिपवर बॅच क्रमांक आणि मुदत बहुधा एकाच कडेला छापलेली असते. दहातल्या चार गोळ्या कापल्या की त्या बेवारस होतात. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, पण तो प्रत्येक गोळीच्या कप्प्यावर नसतो. म्हणून फार्मसीला प्रत्येक तुकड्यावर औषधाचे नाव, ताकद, बॅच आणि मुदतीचे लेबल लावावे लागते. गोळी सोलून पाकिटात टाकणे सोपे, पण सोडियम व्हॅलप्रोएटसारखी औषधे हवेतली ओल ओढतात. ती फॉइलमध्येच ठेवावी लागतात.

दुसरा धोका उसनवारीचा. ट्रे भरून गेल्यावर रात्री नऊच्या राउंडला डॉक्टर औषध बदलतात, फार्मसीत रात्रपाळीला एकच माणूस, आणि सिस्टर शेजारच्या खाटेचे पाकीट उचलतात. मग दोघांचेही हिशेब चुकतात. शिवाय भरतानाच चूक झाली तर ती नीटनेटके लेबल लावून वॉर्डात येते, आणि छापील लेबलवर सहसा कोणी शंका घेत नाही. त्यामुळे भरणारा आणि तपासणारा वेगळा हवा.

वॉर्ड स्टॉक पूर्ण हटत नाही. क्रॅश कार्टवर, म्हणजे आणीबाणीच्या ट्रॉलीवर, अ‍ॅड्रेनलिन, अ‍ॅट्रोपिन हाताशी लागतातच. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची तीव्र अँप्यूल मात्र सामान्य वॉर्डाच्या कपाटात असू नये: ती डिस्टिल्ड वॉटरसारखी दिसते, आणि पातळ न करता थेट शिरेत गेली तर हृदय थांबते.